तोटा १९ हजार, कर १ लाख ५८ हजार

आमचा कुपवाड एमआयडीसीत करोगेटेड बॉक्सचा छोटा कारखाना आहे. क्राफ्ट पेपरचे रील आणायचे, खोकी बनवून आसपासच्या कंपन्यांना द्यायची. वर्षाची विक्री ३ कोटी ४० लाखांच्या घरात, पैसे सगळे बँकेतून. भागीदार तिघे. अण्णा, मी आणि अण्णांच्या काकू. आधी काका भागीदार होते. तब्येतीमुळे त्यांनी अंग काढून घेतलं आणि त्यांच्या जागी, स्वतःचं भांडवल घालून, काकू आल्या. त्यासाठी १ एप्रिल २०२४ ला नवं भागीदारीपत्र झालं. नफ्याची वाटणी अण्णा ४०, मी ४०, काकू २० टक्के.

ते भागीदारीपत्र आम्ही वाचलं नव्हतं. बँकेला हवं होतं म्हणून सह्या केल्या. हिशेब मात्र जुन्या बोलीवरच चालू राहिला. अण्णांना आणि मला महिना ६०-६० हजार पगार, काका घेत होते तसेच काकूंना १० हजार, आणि प्रत्येकाच्या भांडवलावर १५ टक्के व्याज. हा दर कधीतरी गप्पांत ठरला होता. बाहेर कर्ज काढलं असतं तर तेवढं पडलंच असतं, असा हिशेब.

जून २०२५ मध्ये आमच्या हिशेबनिसाने वर्षाचं नफा-तोटा पत्रक काढलं. तळाला तोटा १९,००० रुपये. वर्ष बरं गेलं होतं, त्यामुळे अण्णा जरा खट्टू झाले. पण मला वाटलं बरंच झालं, कर तरी नाही. कागद घेऊन मी सीए मॅडमकडे गेलो. त्या नवीनच होत्या आमच्यासाठी. आधीचे सल्लागार गाव सोडून गेले होते.

मॅडमनी पत्रक बाजूला ठेवलं आणि भागीदारीपत्र मागितलं. मी म्हटलं, "अहो, आकडे तर यात आहेत." त्या म्हणाल्या, "आकडे यात आहेत, पण त्यातले कुठले धरायचे ते त्यात आहे."

त्यांनी पगाराचं कलम मोठ्याने वाचलं. त्यात असं होतं की अण्णा आणि मी हे दोघेच कार्यरत भागीदार, दोघांना मिळून आयकर कायद्याच्या कलम ४०(बी) मध्ये त्या त्या वेळी जी कमाल मर्यादा असेल तेवढा मोबदला, आणि तो दोघांत समान. त्याखालच्या कलमात भांडवलावर सरळव्याज १२ टक्के. काकूंच्या पगाराचा शब्दही नव्हता. म्हणजे आम्ही वर्षभर ज्या तीन गोष्टी लिहीत आलो, त्यातली एकही आमच्याच सहीच्या कागदाला धरून नव्हती.

भागीदाराचा पगार हा नोकराच्या पगारासारखा खर्च नसतो, हे मला त्या दिवशी नीट कळलं. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार, करारात लिहिलं नसेल तर भागीदाराला कामाचा मोबदला मागताच येत नाही. त्याचा हक्क नफ्यावर. आणि आयकर कायदा त्याच्या पुढे जाऊन म्हणतो की करारात असला तरी फर्मच्या उत्पन्नातून तो एका मर्यादेपर्यंतच वजा होईल. ही मर्यादा नफ्यावरून ठरते. त्या नफ्याला ते बुक प्रॉफिट म्हणतात. नाव फसवं आहे, कारण तो आपल्या पुस्तकातला नफा नव्हेच. पुस्तकातल्या आकड्यापासून सुरुवात करून तो बनवावा लागतो.

मॅडमनी आमचा असा बनवला. सुरुवात वजा १९,००० पासून. त्यात भागीदारांना दाखवलेला सगळा पगार परत मिळवायचा, म्हणजे अण्णांचे आणि माझे १४,४०,००० आणि काकूंचे १,२०,०००. मग व्याज. तिघांचं भांडवल २४ लाख (काकूंचं १०, माझं ८, अण्णांचं ६). १५ टक्क्यांनी आम्ही ३,६०,००० लिहिले होते, १२ टक्क्यांनी होतात २,८८,०००. वरचे ७२,००० परत आत. मान्य असलेलं १२ टक्के व्याज मात्र वजाच राहतं, ते परत मिळवायचं नाही. इथे बरेच जण गोंधळतात आणि व्याजही पगारासारखं उलटवून बुक प्रॉफिट फुगवतात. मागच्या वर्षीचा फर्मचा आयकर १,१०,००० आमच्या हिशेबनिसाने खर्चात टाकला होता, तो आयकराच्या लेखी खर्च नाही, तोही आत. घसारा पुस्तकात २,४०,००० होता आणि आयकराच्या दरांनी ३,१५,००० बसत होता, म्हणून ७५,००० बाहेर.

राहिलं बँकेतल्या मुदत ठेवीचं व्याज ४८,०००. ते आमच्या पत्रकात उत्पन्न म्हणून जमा होतं. धंद्याच्या उत्पन्नात ते येत नाही, इतर उत्पन्नात येतं. पण म्हणून बुक प्रॉफिटमधूनही काढायचं का, यावर वाद झालेले आहेत आणि करदात्याच्या बाजूनेही निकाल आहेत. आत ठेवलं असतं तर पगाराची मर्यादा २८,८०० रुपयांनी वाढली असती. मॅडम म्हणाल्या, "एवढ्यासाठी मी भांडत बसणार नाही, काढू या." मलाही पटलं. वाचणारा कर नऊ हजारांच्या आसपास होता आणि नोटीस आली तर उत्तरं देण्यातच तेवढे जातात.

बेरीज बरोबर १६,००,००० झाली. आकडा इतका गोल आला की मॅडमनी दोनदा तपासला.

आता मर्यादा. २०२४-२५ या वर्षापासून नियम असा आहे की बुक प्रॉफिटच्या पहिल्या ६ लाखांवर ९० टक्के किंवा ३ लाख, जे जास्त असेल ते, आणि तोटा असला तरी ३ लाख. उरलेल्या नफ्यावर ६० टक्के. आमचे पहिल्या ६ लाखांवर ५,४०,००० आणि उरलेल्या १० लाखांवर ६,००,०००. एकूण ११,४०,०००. ही मर्यादा सगळ्या कार्यरत भागीदारांची मिळून आहे. भागीदार वाढले म्हणून ती वाढत नाही.

१६ लाखांतून ११,४०,००० गेले, उरले ४,६०,०००. त्यात ठेवीचं व्याज ४८,००० मिळवून फर्मचं करपात्र उत्पन्न ५,०८,०००. फर्मला स्लॅब नसतात, पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर. झाला १,५८,४९६, म्हणजे गोल करून १,५८,५०० रुपये. तोट्याच्या पत्रकावर.

वर आणखी एक फटका होता. नफाच दिसत नाही म्हणून आम्ही वर्षभरात आगाऊ कराचा एकही हप्ता भरला नव्हता. ठेवीवर बँकेने कापलेले ४,८०० सोडले तर सगळा कर बाकी. जूनअखेर भरायचा म्हटलं तरी दोन कलमांचं मिळून व्याज १२ हजारांच्या वर गेलं. हा खर्च शुद्ध आळसाचा.

अण्णांना हे फोनवर सांगितलं तेव्हा ते पहिलं हेच म्हणाले, "मग काकू पण काम करतात असं लिहून टाकू की." कार्यरत भागीदार म्हणजे जो धंद्याच्या कारभारात प्रत्यक्ष भाग घेतो तो. काकू तशा काम करत असत्या आणि करारात तसं असतं, तरी ११,४०,००० ची मर्यादा तीच राहिली असती, फक्त दोघांऐवजी तिघांत वाटली गेली असती. त्यामुळे खोटं लिहून हातात काहीच पडत नव्हतं. अण्णांच्या बोलण्याचा निरोप काकूंपर्यंत गेला तेव्हा त्या म्हणाल्या, "मी काय काम करते तिथं? खंडेनवमीला मशीनला हळदकुंकू लावते."

मॅडमनी मला दोन आकडे आणखी काढून दाखवले. त्यामुळे माझा राग थोडा निवला. पहिला असा, की आमचं २०२४ आधीचं भागीदारीपत्र असतं तर काय झालं असतं. त्यात लिहिलं होतं, "कार्यरत भागीदारांचा मोबदला भागीदार वेळोवेळी परस्परसंमतीने ठरवतील." ऐकायला किती समजूतदार वाक्य. पण प्रत्यक्ष कर मंडळाचं मार्च १९९६ चं परिपत्रक क्रमांक ७३९ सांगतं की करारात प्रत्येक कार्यरत भागीदाराची रक्कम तरी हवी, नाहीतर ती काढण्याची रीत तरी हवी. 'पुढे ठरवू' ही रीत नव्हे. अशा करारावर पगाराची वजावट पूर्ण नाकारली जाऊ शकते. तसं झालं असतं तर सगळ्या १६,४८,००० वर कर, म्हणजे ५,१४,००० च्या पुढे. आणि वर्ष संपल्यावर करार दुरुस्त करून भागत नाही, कारण नव्या कराराच्या तारखेआधीच्या काळाचा मोबदला जुन्या करारात नसेल तर तो नव्या करारानेही मान्य होत नाही.

दुसरा आकडा शेजारच्या गाळ्यातल्या एका फर्मवरून सुचला. त्यांच्या करारात कलमाचा उल्लेख करण्याऐवजी त्या वेळचा तक्ताच उतरवून ठेवला आहे, पहिल्या ३ लाखांवर ९० टक्के आणि पुढे ६० टक्के. २०२४ च्या जुलैतल्या अर्थसंकल्पात मर्यादा वाढली, पण त्यांचा करार जुन्याच तक्त्यावर अडकला. आमच्या १६ लाखांना तो तक्ता लावला तर २,७०,००० अधिक ७,८०,०००, म्हणजे १०,५०,०००. आमच्यापेक्षा ९०,००० कमी आणि कर २८,०८० जास्त. आमच्या करारात 'त्या त्या वेळी' हे शब्द होते म्हणून वाढ आपोआप लागू झाली. ज्या सल्लागारांनी ते घातले त्यांना मी आजवर एकदाही धन्यवाद दिलेले नाहीत.

पगाराच्या वजावटीला एवढं महत्त्व का, तेही सांगतो. वजा झालेला पगार फर्मकडून सुटतो आणि भागीदाराच्या हातात धंद्याचं उत्पन्न म्हणून धरला जातो. माझ्या वाट्याला ५,७०,००० पगार आणि ९६,००० व्याज आले, एकूण ६,६६,०००. दुसरं उत्पन्न नाही. नव्या करप्रणालीत त्या वर्षी ७ लाखांपर्यंत सवलत होती, त्यामुळे कर शून्य. अण्णांचंही तसंच. फर्ममध्ये राहिलेल्या पैशावर मात्र सरळ ३१.२ टक्के, आणि मग वाटलेला नफा भागीदाराकडे करमुक्त. नामंजूर झालेला जादा पगार आणि जादा व्याज यांचंही तेच, फर्मने कर भरला की आमच्याकडे पुन्हा नाही.

करापुरता विषय इथे संपला होता. मी समजलो सुटलो.

मग मॅडमनी पुस्तकं दुरुस्त करायला सांगितली, कारण जे कराराप्रमाणे पगार नाहीत ते पैसे पगार म्हणून लिहिता येत नाहीत. रिटर्न अजून भरलं नव्हतं, त्यामुळे अडचण नव्हती. अण्णांनी आणि मी जादा घेतलेले दीड-दीड लाख आमच्या उचलीत गेले. काकूंचे १,२०,००० त्यांच्या उचलीत गेले. व्याज १२ टक्क्यांवर आलं. तोट्याच्या जागी नफा आला ४,७३,०००. त्यातून यंदाच्या कराची तरतूद वजा करून वाटायला ३,१४,५०० राहिले. अण्णा १,२५,८००, मी १,२५,८००, काकू ६२,९००. हिशेबनिसाने नवे कागद तिघांना पाठवले.

दुसऱ्या दिवशी काकूंचा मला फोन. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, गणित शिकवायच्या.

"अरे, जुन्या कागदात मला पगार आणि व्याज मिळून २ लाख ७० हजार होते. नव्यात व्याज आणि नफा मिळून १ लाख ८२ हजार ९०० दिसतात. कर सरकारला गेला हे समजलं. पण सगळा करच का हा?"

मी म्हटलं, "हो काकू, करच."

"माझ्या वाट्याचा कर वीस टक्के, ३१,७००. तोट्यातले ३,८०० धर. बाकीचे कुठे गेले?"

मी फोन ठेवून कागद घेऊन बसलो. काकू बरोबर होत्या. त्यांचा पगार गेला १,२०,००० आणि व्याज कमी झालं ३०,०००. उलट बाजूने, नफा ४,९२,००० ने वाढला (तिघांचा उलटवलेला पगार ४,२०,००० आणि व्याज ७२,०००), त्याचे वीस टक्के ९८,४०० त्यांना मिळाले. निव्वळ घट ५१,६००. मग स्वतःचं तपासलं. माझा पगार कमी झाला १,५०,०००, व्याज कमी झालं २४,०००, पण वाढलेल्या नफ्याचे ४० टक्के आले १,९६,८००. मला २२,८०० चा फायदा. अण्णांचं भांडवल कमी, म्हणून व्याजाचं नुकसानही कमी, त्यांना २८,८००. दोन्ही मिळवा, ५१,६००. काकूंकडून निघालेला पैसा तंतोतंत आमच्या दोघांकडे आला होता.

यात सरकारचा काही संबंध नाही. पगार हा ज्याच्या नावावर लिहिला त्याला जातो आणि नफा टक्केवारीने जातो. पगाराचा पैसा नफ्यात ढकलला की वाटणी बदलते. ज्याचा नफ्यातला हिस्सा लहान आणि ठरावीक घेणं मोठं, तो मार खातो. कर वाचवायचा हिशेब करताना मॅडम, मी, अण्णा, हिशेबनीस, कोणाच्याही हे ध्यानात आलं नाही. आम्हाला फायदा होत होता म्हणून आलं नसेल, असंही मला नंतर वाटलं.

रविवारी काकूंच्या घरी बसलो. अण्णा म्हणाले, आमच्या भांडवल खात्यातून परत फिरवू. मॅडमना विचारलं, तर त्यांनी हात राखला. पुतण्याने काकूला दिलेली रक्कम आयकराच्या लेखी नातेवाइकाची भेट ठरत नाही आणि मी तर नात्यातला नाहीच. वर्षात ५०,००० च्या वर बिनमोबदला मिळालं की सगळीच रक्कम काकूंच्या उत्पन्नात धरण्याचा प्रश्न निघू शकतो, आणि आमची रक्कम नेमकी ५१,६००. काकूंनीच तोडगा काढला. "झालेल्या वर्षाचं राहू दे. पुढचं नीट लिहा."

पुढचं असं लिहिलं. १ जुलै २०२५ पासून पुरवणी करार, वाटणी ३५, ३५, ३०. मागच्या तारखेने काही नाही, एप्रिल ते जूनचा नफा जुन्याच प्रमाणात. काकूंना महिन्याला घरखर्चाला १० हजार लागतात, ते मिळत राहतील, पण उचल म्हणून. म्हणजे त्यांच्याच व्याजातून आणि नफ्यातून आधी घेतलेले. शिवाय स्वतःच्या मोडलेल्या ठेवीतले आणखी ३ लाख त्यांनी भांडवलात घातले. फर्म त्यावर १२ टक्के देईल आणि ते पूर्ण वजाही होईल. आम्ही दोघांनी आमची उचल कमी केली, कारण ६० हजार मुळात आमच्या हक्काचे नव्हतेच.

आमचा पगार आता महिना ४५ हजार अंदाजाने धरतो आणि मार्चअखेर खरं बुक प्रॉफिट निघालं की फरक जमा करायचा. अंदाज मुद्दाम खाली ठेवलाय. हे करणं भागच होतं, कारण १ एप्रिल २०२५ पासून कलम १९४टी आलंय. फर्मने भागीदाराला पगार, बोनस, कमिशन किंवा व्याज दिलं, नुसतं त्याच्या खात्यात जमा केलं तरी, आणि वर्षात एकूण २०,००० च्या वर गेलं, की १० टक्के टीडीएस कापायचा. नफ्याच्या हिश्श्यावर आणि उचलीवर नाही. त्यामुळे कुठला पैसा पगार आणि कुठला उचल, हे आता वर्षाच्या शेवटी ठरवून चालत नाही, त्या त्या महिन्याला लिहावं लागतं. जूनमध्ये हे कळलं तेव्हा एप्रिल-मेचा टीडीएस राहिलेला होता. तोही व्याजासकट भरला. (कलमांचे हे आकडे १९६१ च्या कायद्यातले. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा कायदा लागू असल्याने क्रमांक बदलतात.)

सह्यांच्या दिवशी काकू चष्मा लावून पुरवणी कराराचं पान न् पान वाचत बसल्या. आम्ही दोघे चहा पिऊन मोकळे झालो तरी त्यांचं चालूच. व्याजाच्या कलमाशी थांबून त्यांनी मॅडमना विचारलं, "माझ्या व्याजावरही तो टीडीएस कापणार का? मला पेन्शन धरूनही कर बसत नाही. बँकेत मी पंधरा एच भरते, तो इथे द्यायचा का?"

"नाही काकू, तो फॉर्म इथे चालत नाही. कापावा लागेल. तुम्ही रिटर्न भरून परत मागायचा."

काकूंनी आमच्या दोघांकडे बघितलं, "रिटर्नची फी फर्म देईल ना रे?" असं विचारलं आणि अण्णा हो म्हणेपर्यंत पेनाचं टोपण काढलं नाही.